बटण दाबलं की उजेड लगेच कसा? पंचेचाळीस सेकंदांची स्क्रिप्ट लिहिताना

नववीत धाराविद्युत शिकवताना एक प्रश्न कधीतरी येतोच. तारेतले इलेक्ट्रॉन फार हळू सरकतात, असं आपण सांगून जातो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, मंग लाइट लगेच कशी काय लागायलीय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर द्यायला मात्र आपण फळ्यावर विद्युत क्षेत्र, विभवांतर, मुक्त इलेक्ट्रॉन असं सगळं मांडत बसतो, दहा मिनिटं जातात आणि विचारणारा वहीत चित्र काढायला लागलेला असतो.

ह्याच प्रश्नाचं पंचेचाळीस सेकंदांत, एकाच उपमेच्या आधारे उत्तर देणारी स्क्रिप्ट कशी बसवायची, ते इथं पायरीपायरीनं सांगतो. नव्यानं शिकवायला लागलेल्या आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छोटे व्हिडिओ टाकू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी हे आहे. धडा एकच घेतलाय. एक स्क्रिप्ट मुळापासून बांधताना पाहिली की पुढची आपली आपण बांधता येते.

पहिली पायरी: आधी स्वतः हिशोब करा

उपमा शोधण्याआधी मूळ गोष्ट आकड्यांत बघायची. "इलेक्ट्रॉन हळू जातात" म्हणजे किती हळू? हे शिक्षकालाच माहीत नसेल तर आवाजात खात्री येत नाही, आणि पोरांना ते लगेच कळतं.

अकरावीच्या भौतिकशास्त्रात ह्याचं सूत्र आहे:

```
v = I / (n × A × e)
```

तांब्याच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ८.५ × १०²⁸ मुक्त इलेक्ट्रॉन असतात, ते n. इलेक्ट्रॉनवरचा प्रभार १.६ × १०⁻¹⁹ कूलोम, तो e. तारेचा छेद १ चौरस मिलिमीटर धरा आणि धारा १ अँपिअर. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर. म्हणजे एक मीटर अंतर सरकायला पावणेचार तास. सकाळच्या प्रार्थनेला निघालेला इलेक्ट्रॉन एक मीटर पलीकडे पोचेपर्यंत मधली सुट्टी होऊन गेलेली असते.

इथं दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवा. इलेक्ट्रॉन मुळात शांत बसलेले नसतात. तारेत धारा नसतानाही ते सेकंदाला लाखो मीटर वेगानं वाटेल त्या दिशेला धावत असतात, पण सगळ्या दिशा सारख्याच असल्यामुळे एकूण सरकणं शून्य. सेल जोडला की ह्या गोंधळावर एका दिशेचं अगदी हलकं सरकणं चढतं. आपण मोजलेला वेग त्या सरकण्याचा आहे. म्हणून स्क्रिप्टमध्ये "इलेक्ट्रॉन हळू धावतात" असं लिहायचं नाही, "हळू सरकतात" असं लिहायचं. एका क्रियापदानं पुढं अकरावीत होणारा घोळ वाचतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हा हिशोब एकाच दिशेच्या धारेचा आहे, म्हणजे सेलवर चालणाऱ्या मंडलाचा. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्यामुळे तारेतला इलेक्ट्रॉन कुठं जातच नाही, जागच्या जागी पुढंमागं होतो. तेही किती, तर वर घेतलेल्याच तारेत आणि तेवढ्याच धारेला मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. हे फार सुंदर आहे, पण पंचेचाळीस सेकंदांत बसत नाही. म्हणून उदाहरण घरच्या दिव्याचं न घेता हातातल्या बॅटरीचं घ्यायचं. आपल्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात. रात्री पाण्यावर जाताना बरोबर असते, ती.

दुसरी पायरी: मुलाच्या डोक्यातलं चुकीचं चित्र शोधा

बहुतेक नवे शिक्षक इथं घाई करतात. थेट उपमा शोधायला बसतात आणि दिसायला साम्य असलेली पहिली वस्तू उचलतात. वर्गाला न समजलेली गोष्ट नेमकी कोणती, हे ठरवल्याशिवाय उपमा निवडता येत नाही.

शोधायची रीत सोपी आहे. शिकवण्याआधी एकच प्रश्न वहीत लिहायला लावा: "बटण दाबल्यावर बल्ब लागेपर्यंत तारेत काय होतं?" चित्र काढलं तरी चालेल. बहुतेक मुलं सेलमधून एक ठिपका निघालेला, तारेतून बल्बापर्यंत गेलेला आणि मग बल्ब पेटलेला दाखवतात. ठिपका निघण्याआधीची तार चित्रात कोरी असते.

ती कोरी तार हीच खरी अडचण आहे. मुलाच्या मनात तार म्हणजे रिकामा रस्ता आणि वीज म्हणजे त्यावरून दौडत येणारी वस्तू. वस्तू येईपर्यंत वेळ लागणार, वेळ लागत नाही म्हणजे ती भयंकर वेगवान असणार. तर्क एकदम पक्का आहे, फक्त सुरुवात चुकली आहे. म्हणून तुमच्या स्क्रिप्टला काम एकच: तार आधीपासून भरलेली आहे हे दिसलं पाहिजे. विरोध, विभवांतर, ओहमचा नियम, ह्यातलं काही आज सांगायचं नाही.

हे काम एका ओळीत लिहून कागदाच्या डोक्यावर ठेवा. पुढं कापाकापी करताना प्रत्येक वाक्याला विचारायचं, तू ह्या ओळीसाठी काय करतोस? उत्तर नसेल तर ते वाक्य जातं.

तिसरी पायरी: चूक आणि बरोबर, दोन्ही एकाच वस्तूत सापडली पाहिजेत

मी उपमा निवडताना लावतो ती कसोटी ही आहे. वस्तू अशी हवी की तिच्यातच मुलाचं चुकीचं चित्रही दिसावं आणि बरोबर चित्रही. मग त्याला नवीन काही शिकायचं उरत नाही, फक्त एका ओळखीच्या अवस्थेतून दुसऱ्या ओळखीच्या अवस्थेत जायचं असतं.

मराठवाड्यात अशी वस्तू दारातच आहे: विहिरीपासून शेतापर्यंतची पाइपलाइन.

विहीर खाली ओढ्याकडं, शेत वर चढावर. पाइप तीन इंची, अंतर समजा अर्धा किलोमीटर. शेतीपंपाची लाइट आली की बाप स्टार्टर दाबतो आणि पोरगा वर पाइपाच्या तोंडाशी उभा राहतो. कधी पाणी लगेच धो धो पडतं. कधी नुसती हवा फुसफुसते, पाइप खोकल्यासारखा करतो आणि पाच-सात मिनिटांनी पाणी येतं. असं का होतं, हे नववीच्या पोराला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. फूटव्हॉल्व किंवा एनआरव्ही गळत असला की मोटार बंद पडल्यावर पाइपातलं पाणी उतारानं परत विहिरीत जातं आणि पाइप रिकामा होतो. व्हॉल्व धड असला की पाणी पाइपातच उभं राहतं.

हिशोब करून बघा, पटेल. तीन इंची पाइपात दर मीटरला साधारण चार लिटर पाणी मावतं, म्हणजे अर्ध्या किलोमीटरला दोन हजार लिटर. मोटार सेकंदाला पाच लिटर देत असेल तर रिकामा पाइप भरायलाच सहा-सात मिनिटं लागतात. भरलेल्या पाइपात मात्र फक्त दाब पोचायचा असतो. पीव्हीसी पाइपातून दाबाचा धक्का सेकंदाला काहीशे मीटर जातो, त्यामुळे एक-दोन सेकंदांत तोंडाशी पाणी. पाणी स्वतः दोन्ही वेळा तेवढ्याच सावकाश चाललेलं असतं, सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास.

पाणी सावकाश, पण परिणाम झटपट. आपल्याला हवं होतं ते हेच. आणि रिकामा पाइप म्हणजे मुलाच्या वहीतली कोरी तार.

शहरातल्या शाळेत, लातूर-नांदेडच्या एखाद्या सोसायटीतल्या पोरांना विहीर परकी वाटेल. तिथं गच्चीवरच्या टाकीचा पाइप घ्या. टाकी धुतल्यावर पहिल्यांदा नळ सोडला की हवा येते, एरवी पाणी लगेच येतं. उपमा तीच राहते, गाव बदलतं. पण एका वर्गात दोन्ही सांगू नका.

चौथी पायरी: जोड्या लावा आणि उरलेलं मोजा

कागदाच्या एका बाजूला पाइपाकडच्या गोष्टी लिहा, दुसऱ्या बाजूला तारेकडच्या. पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. पाइप म्हणजे तार. मोटार म्हणजे सेल, कारण दोघंही ढकलतात. स्टार्टर म्हणजे बटण. इथपर्यंत सरळ जातं.

मग विहीर उरते. तिच्यासमोर काय लिहायचं? काहीच लिहिता येत नाही, आणि इथंच उपमा मोडते. विहीर हा पाण्याचा साठा आहे, मोटार तो उपसते आणि पाणी शेतात मुरून जातं. मंडलात असा साठा नाही. इलेक्ट्रॉन सेलमधून बल्बाकडं आणि बल्बाकडून परत सेलकडं असे फिरत राहतात. विहीर तशीच राहू दिली तर मूल मनात सेललाच विहीर करून टाकतं. मग पुढं कधीतरी विचारतं, "सर, सेल संपला म्हंजी त्यातले इलेक्ट्रॉन संपले का?" संपत नाहीत. सेलमधली रसायनं वापरली जातात आणि ढकलायची ताकद जाते. इलेक्ट्रॉन होते तेवढेच राहतात.

उपमा आणखीही काही ठिकाणी मोडते. पाइप तुटला तर पाणी सांडतं, तार तुटली तर इलेक्ट्रॉन सांडत नाहीत, धाराच थांबते. पाइपात धक्का पाण्याकडून पाण्याला मिळत जातो. तारेत विद्युत क्षेत्र प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल इतक्या वेगानं प्रस्थापित होतं आणि जिथल्या तिथं इलेक्ट्रॉन सरकायला लागतात. शिवाय इलेक्ट्रॉन ऋण प्रभाराचे, त्यामुळे ते धारेच्या रूढ दिशेच्या उलट जातात.

हे सगळं पंचेचाळीस सेकंदांत सांगता येत नाही आणि सांगूही नये. मोडण्याची एकच जागा निवडायची, जी न सांगितल्यास सगळ्यात जास्त नुकसान होईल ती. तुटलेल्या पाइपाचा मुद्दा बोलायला सोपा आणि दिसायला झकास असतो, त्यामुळे हात तिकडं जातो. माझं मत विहिरीकडं आहे. तुटलेल्या तारेचा अनुभव पोरांना रोज येतो, ते चूक आपोआप दुरुस्त करतात. विहिरीची चूक मात्र कुठलाच अनुभव दुरुस्त करत नाही, उलट सेल संपण्याचा रोजचा अनुभव ती पक्की करतो.

पाचवी पायरी: स्वतःचा बोलण्याचा वेग मोजा

पंचेचाळीस सेकंदांत किती शब्द बसतात, हे दुसऱ्याचं ऐकून ठरवू नका. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वर्गात वाचता त्या आवाजात एक मिनिट वाचा, मोबाइलवर वेळ लावा आणि शब्द मोजा. मराठीत सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोललं तर शंभर ते एकशेवीस शब्द होतात. मधला आकडा धरला तर पंचेचाळीस सेकंदांना ऐंशीच्या वर थोडे. त्यातून दोन छोटे थांबे वजा करा. पंचाहत्तर शब्दांच्या वर गेलात की घाई सुरू होते, आणि घाई नेमकी शेवटी, म्हणजे उपमा मोडण्याच्या वाक्यावर येते. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पुटपुटलं जातं.

सहावी पायरी: लिहा

ही माझी तयार स्क्रिप्ट. चौऱ्याहत्तर शब्द आहेत.

> बॅटरीचं बटण दाबलं, उजेड लगेच. पण तारेतला इलेक्ट्रॉन एक मीटर सरकायला तासन्‌तास घेतो. मग?
>
> विहिरीपासून शेतापर्यंतचा पाइप आठवा. पाइप रिकामा असेल, तर मोटार चालू करून वाट बघावी लागते. पाइप भरलेला असेल, तर पाणी लगेच पडतं. ते पाणी विहिरीतून आत्ता आलेलं नसतं, तोंडाशीच उभं असतं.
>
> तार म्हणजे कायम भरलेला पाइप. इलेक्ट्रॉन तारेत सगळीकडे आधीच आहेत. बटण दाबलं की सगळे जवळजवळ एकाच वेळी सरकायला लागतात.
>
> फक्त एक गोष्ट: इथं विहीर नाही. तेच इलेक्ट्रॉन गोल फिरत राहतात.

आता ह्यातली एकेक जागा अशी का आहे ते सांगतो.

सुरुवातीला व्याख्या नाही, नमस्कार नाही, "आज आपण पाहणार आहोत" नाही. एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन खऱ्या गोष्टी आहेत, आणि मग एक "मग?". त्या "मग?"नंतर पूर्ण दीड-दोन सेकंद थांबायचं. नव्या शिक्षकाला तेवढी शांतता फार मोठी वाटते आणि तो ती भरून काढतो. भरू नका. त्या वेळात पोरगं मनात स्वतःचं उत्तर धरतं आणि ते उत्तर बहुतेक "वीज लई जोरात पळते" असंच असतं. ते धरल्याशिवाय सुटणार नाही.

"तासन्‌तास" लिहिलंय, "पावणेचार तास" नाही. आकडा आपल्याकडं आहे, पण तो एका ठरावीक तारेचा आणि ठरावीक धारेचा. अचूक आकडा दिला की "कुठल्या तारेला?" हे सांगावं लागतं आणि सात-आठ शब्द जातात. कुणी विचारलं तर मात्र फळ्यावर पूर्ण हिशोब करून दाखवायचा.

पाइपाच्या भागात रिकामा पाइप आधी येतो, भरलेला नंतर. क्रम उलटा केला तर काम होत नाही, कारण आधी मुलाचं स्वतःचं चित्र त्याला दिसलं पाहिजे आणि मग ते सुटलं पाहिजे. "तोंडाशीच उभं असतं" हे अख्ख्या स्क्रिप्टचं मर्म आहे. ते सावकाश म्हणायचं. कापायची वेळ आली तर इतर काहीही कापा, हे ठेवा.

"जवळजवळ एकाच वेळी" ह्यातला "जवळजवळ" काढायचा मोह होतो. काढू नका. काहीच अगदी त्याच क्षणी होत नाही, एक मीटर तारेतही काही अब्जांश सेकंद लागतात. हा एक शब्द पुढं जेईईची तयारी करणाऱ्या पोराला उपयोगी पडतो आणि इतरांना त्याचा त्रास होत नाही.

शेवट विहिरीवर आहे, आणि त्यानंतर काही नाही. "समजलं का सगळ्यांना?" असं विचारलं तर "हो सर" एवढंच मिळतं.

सातवी पायरी: हात, फळा आणि मोबाइल

फळ्यावर आधीच दोन आडव्या पट्ट्या काढून ठेवा. एक कोरी, एक ठिपक्यांनी गच्च भरलेली. रिकाम्या पाइपाबद्दल बोलताना कोरीवर बोट, भरलेल्याबद्दल बोलताना दुसरीवर. तारेकडं आलात की नवं चित्र काढायचं नाही, भरलेल्या पट्टीवरच हात तसाच ठेवून "तार म्हणजे" म्हणायचं. डोळा हलला नाही की जोड आपोआप बसते. शेवटच्या वाक्याला पट्टीची दोन्ही टोकं एका वळणदार रेषेनं जोडा. विहीर गेली, मंडल तयार.

करून दाखवायचं असेल तर गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब मिळवा. तीन-चार मीटरची घ्या, मधला भाग टेबलावर आडवा सपाट ठेवा आणि दोन्ही टोकं वर उचलून धरा. आधी ती रंगीत पाण्यानं काठोकाठ भरा. मग एका टोकात साधं पाणी ओता. दुसऱ्या टोकातून त्याच क्षणी रंगीत पाणी पडतं, साधं पाणी अजून अलीकडंच असतं. ओतलेलं पाणी आणि पडलेलं पाणी वेगळं आहे, हे नुसत्या रंगानं सिद्ध होतं. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर तो दबतो आणि पाणी उशिरा पडतं. हे प्रात्यक्षिक पंचेचाळीस सेकंदांच्या बाहेर, नंतर करायचं.

व्हिडिओ करताना पंखा बंद करा. आमच्याकडं उन्हाळ्यात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, पण पंख्याची घरघर आवाज गिळते. मोबाइल आडवा की उभा, ह्यावर फार विचार करू नका. पोरं उभाच धरून बघतात. दोनदा रेकॉर्ड करा, पहिलं फेकून द्या.

आठवी पायरी: उतरलं की नाही, ते कसं कळणार

स्क्रिप्ट संपल्यावर लगेच एक प्रश्न टाका: "बल्बात सगळ्यात आधी कोण सरकलं? सेलमधून आलेला इलेक्ट्रॉन, की बल्बात आधीपासून असलेला?" ज्याला पाइपाचं तोंड कळलं तो "बल्बातलाच" म्हणतो. "सेलमधला" म्हणणारा अजून कोऱ्या तारेवर आहे.

अशा वेळी दुसरी उपमा काढू नका. आपल्याला वाटतं, एकानं नाही कळलं तर दुसऱ्यानं कळेल. प्रत्यक्षात मूल दोन्ही उपमांमधून सोयीचे तुकडे उचलतं आणि तिसरंच काही तयार करतं. डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर यांचा १९८३ सालचा एक अभ्यास ह्याच विषयावर आहे. त्यात विजेकडं वाहतं पाणी म्हणून बघणारे विद्यार्थी आणि माणसांची गर्दी म्हणून बघणारे विद्यार्थी यांची तुलना होती. पाणीवाल्यांना सेलच्या जोडण्यांचे प्रश्न चांगले सुटले, गर्दीवाल्यांना विरोधाच्या जोडण्यांचे. म्हणजे उपमा नुसती सजावट नसते, मूल पुढं कुठला तर्क करणार हे ती ठरवते. म्हणून आजच्या प्रश्नाला आजची उपमा, आणि तिच्यातच परत जायचं. "बरं, पाइप भरलेला होता. पहिला थेंब कुठला पडला?" एवढं विचारलं तरी बऱ्याचदा पोरगं स्वतःच दुरुस्त होतं.

आणखी दोन प्रश्न येणार, तयारी ठेवा. पहिला: "मंग ट्यूबलाइट उशिरा का लागती?" हा प्रश्न विचारणारं पोरगं हुशार आहे. जुन्या ट्यूबमध्ये स्टार्टर आधी टोकांच्या तारा तापवतो आणि मग चोकच्या धक्क्यानं ट्यूबमधला वायू पेटतो, उशीर तिथं होतो. तारेतून वीज यायला उशीर लागलेला नसतो. दुसरा: "तार कापली तर इलेक्ट्रॉन सांडतात का?" इथं स्क्रिप्टमधून गाळलेली ती दुसरी मोडण्याची जागा वापरा. नाही सांडत. तारेतल्या धातूच्या अणूंचा धन प्रभार त्यांना धरून ठेवतो आणि हवा त्यांना पुढं जाऊ देत नाही, म्हणून सगळी रांग जागच्या जागी थांबते. मात्र लगेच हेही सांगा की घरची किंवा शेतातली तुटलेली तार हातात धरायची नाही. तिथं इलेक्ट्रॉन सांडत नसले तरी तुमचं अंग आणि ओली जमीन मिळून मंडल पूर्ण करतात. स्टार्टरच्या पेटीपाशी ओल्या पायानं उभ्या राहणाऱ्या पोरांना हे सांगणं धड्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

खरी परीक्षा त्या तासाला होत नाही. तीन-चार दिवसांनी, दुसरं काही शिकवताना सहज विचारा: "दहा मीटर तारेऐवजी वीस मीटर तार लावली, तर बल्ब लागायला दुप्पट वेळ लागतोय असं डोळ्याला जाणवेल का?" पाइपाचा उल्लेख करू नका. "हो, दुप्पट" असं उत्तर आलं तर तार परत रिकामी झाली आहे, म्हणजे स्क्रिप्टमधला रिकाम्या पाइपाचा भाग पोचला, भरलेल्याचा नाही. पुढच्या वेळी "तोंडाशीच उभं असतं" ह्या वाक्याआधी थोडं थांबून बघा. "नाही, पण बल्ब थोडा मंद लागेल" असं उत्तर आलं, तर त्या पोराला विरोधाचं पुढचं प्रकरण आजच उघडून द्या.